भिजलेलं स्मार्टवॉच ऐकेना, तेव्हा



गेल्या पावसाळ्यात आमच्या रेडिओ केंद्रातल्याच एकीवर प्रसंग आला. रेकॉर्डिंग आटोपून ती स्कूटीवरून घरी निघाली. फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून डिकीत टाकलेला होता, मनगटावर स्मार्टवॉच होतं. वाटेत पावसाने गाठलं म्हणून ती एका टपरीच्या आडोशाला थांबली आणि तेवढ्यात घड्याळ थरथरलं. घरून सासूबाईंचा फोन होता. त्या घरी एकट्याच होत्या आणि सकाळपासून त्यांच्या छातीत जळजळत होतं. हिने पडद्यावरचं हिरवं चिन्ह दाबलं, बोटाने सरकवलं, ओढणीने पुसून पुन्हा दाबलं. घड्याळ ढिम्म! रिंग वाजून वाजून बंद झाली. डिकी उघडून, पिशवी सोडवून फोन हातात येईपर्यंत तिच्या पोटात गोळा आला होता. सासूबाईंना जेलुसिलची बाटली सापडत नव्हती एवढंच ते कारण निघालं, पण ती पाच मिनिटं तिला अजून आठवतात.

दुसऱ्या दिवशी ती घड्याळ घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकानदाराने दोनदा बोट फिरवलं आणि सांगितलं, "ताई, पाणी गेलंय. डिस्प्ले बदलावा लागेल, बत्तीसशे रुपये." घड्याळच मुळी साडेचार हजारांचं. ती तशीच केंद्रात आली आणि त्या संध्याकाळी आम्ही चौघी टेबलाभोवती बसलो. अर्ध्या तासात घड्याळ चालू लागलं, खर्च शून्य. तो अर्धा तास आम्ही काय केलं आणि का केलं, ते आज सांगतो. त्यानंतर आमच्या हाती आणखी एक घड्याळ आलं, त्यात मात्र खरोखर पाणी गेलं होतं. तेही सांगू, कारण या दोन घड्याळांतला फरक ओळखता येणं यातच सगळं आहे.

बोट आणि पाण्याचा थेंब

आधी पडद्याला आपलं बोट कळतं कसं, ते पाहू. पुष्कळजणींना वाटतं की आपण दाबतो म्हणून पडद्याला कळतं. तसं नसतं. घड्याळाच्या काचेखाली एक अतिशय पातळ, पारदर्शक जाळी असते, आडव्या-उभ्या रेघांची, खिडकीला डासांची जाळी असते तशी. या रेघांमध्ये अगदी थोडा विद्युतभार असतो. आपल्या शरीरात पाणी आणि मीठ असल्यामुळे बोट काचेजवळ आलं की त्या जागेच्या भारात किंचित बदल होतो. घड्याळातली एक चिप सेकंदाला कित्येक वेळा सगळी जाळी तपासत असते. कुठल्या आडव्या आणि कुठल्या उभ्या रेघेपाशी बदल झाला यावरून बोट कुठे आहे ते ती ठरवते. या जाळीला आणि तिच्या यंत्रणेला डिजिटायझर म्हणतात. चित्र दाखवणारा पडदा वेगळा आणि स्पर्श ओळखणारी ही जाळी वेगळी, एवढं लक्षात ठेवा. पुढे ते उपयोगी पडणार आहे.

आता काचेवर पावसाचा थेंब पडला तर? पाण्यानेही त्या जाळीचा भार बदलतो, त्यामुळे चिपला थेंब हेसुद्धा बोटच वाटतं. चार थेंब पडले की चार बोटं टेकली असं ती धरते. घामाचं तर त्याहून अवघड, कारण त्यात मीठ असतं. घामाचा पातळ थर काचभर पसरला की बोट एका जागी टेकलं तरी त्याचा परिणाम थरभर पसरतो आणि नेमकी जागा चिपला कळत नाही. मग घड्याळ दोनपैकी एक काहीतरी करतं. एक तर आपोआप पानं उलटतात, भलतंच चिन्ह दाबलं जातं, नको त्या माणसाला फोन लागतो; नाहीतर गोंधळ फार झाला म्हणून चिप स्पर्शाकडे दुर्लक्षच करते. टपरीखाली आमच्या मैत्रिणीचं पहिल्यांदा हेच झालं. घड्याळ बिघडलं नव्हतं, ओलं होतं.

यातली एक बारीक गोष्ट. पडदा उजळतो तेव्हा चिप 'आता काही टेकलेलं नाही' अशी एक मूळ स्थिती धरून बसते आणि पुढचे बदल तिच्याशी ताडून पाहते. नेमकं त्याच वेळी काचेवर पाणी असेल तर ती मूळ स्थितीच चुकीची धरली जाते. मग नंतर काच पुसली तरी घड्याळ थोडा वेळ वेड्यासारखं वागतं. म्हणून नुसतं पुसून भागत नाही. पुसायचं, पडदा विझू द्यायचा आणि मग पुन्हा उजळायचा. पुसायला ओढणीचं नायलॉन घेऊ नका, ते पाणी शोषत नाही, नुसतं पसरवतं. जुन्या सुती साडीचा तुकडा सगळ्यात चांगला. आणि बोटही कोरडं हवं, हे आपण हमखास विसरतो.

पाण्याच्या थेंबाचं चिन्ह

आमच्या टेबलावर घड्याळ आलं तेव्हा रात्र उलटून गेली होती. काच कोरडी ठणठणीत होती, तरी स्पर्श लागत नव्हता. मग आम्ही पडदा नीट निरखला. वरच्या कडेला लहानसं निळं चिन्ह होतं, पाण्याच्या थेंबाचं. तिला आम्ही विचारलं, हे काय गं? म्हणाली, "ते असतंच की तिथे." ते 'असतंच' नसतं. ते Water Lock चं, म्हणजे वॉटर लॉकचं चिन्ह होतं.

वॉटर लॉक म्हणजे पडद्याला घातलेली कडी. पोहताना पाण्याने भलतीसलती बटणं दाबली जाऊ नयेत म्हणून ही सोय केलेली असते. ती चालू केली की घड्याळ स्पर्शाकडे बघतच नाही, बाजूचं बटण तेवढं ऐकतं. नावामुळे होणारा एक गैरसमज इथेच दूर करतो. वॉटर लॉक लावल्याने घड्याळात पाणी जायचं थांबत नाही. कडी लागते ती स्पर्शाला, पाण्याला नाही.

मग ते लागलं कसं? तिने तर लावलं नव्हतं. पडद्यावर वरून खाली बोट सरकवलं की छोट्या चिन्हांचं एक पान उघडतं, त्यातच हे थेंबाचं चिन्ह असतं. ओल्या बाहीच्या घासण्याने आणि पाण्याच्या ओघळांनी ते पान उघडून चिन्ह दाबलं गेलं असणार. काही घड्याळांत पोहण्याचा व्यायाम सुरू केला की वॉटर लॉक आपोआपच लागतं. व्यायामांच्या यादीत चालण्याऐवजी चुकून पोहणं दाबलं गेलं तरी तेच होतं.

काढायचं कसं, ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. पण एक सूत्र सगळीकडे आहे: पडदा सोडा, बटण धरा. ॲपल वॉचला बाजूचं गोल फिरणारं बटण दाबून धरायचं, जुन्या आवृत्तीत ते फिरवायचं. सॅमसंगच्या गॅलेक्सी वॉचला वरचं होम बटण दोनेक सेकंद दाबून धरायचं. स्वस्तातल्या घड्याळांत बहुधा एकच बटण असतं, तेच लांब दाबून पाहायचं, आणि पडद्यावर सूचना उमटली तर ती वाचायची. स्पीकर असलेल्या काही घड्याळांतून या वेळी टूं-टूं आवाज येतो. घाबरू नका. त्या आवाजाच्या कंपनाने स्पीकरच्या भोकातलं पाणी बाहेर ढकललं जातं.

आम्ही बटण धरलं, थेंबाचं चिन्ह गेलं आणि पडदा बोलू लागला. पण पूर्ण नाही. वरचा भाग चालत होता, खालच्या कडेला मात्र बोट लागत नव्हतं. फोन उचलायचं हिरवं चिन्ह नेमकं तिथेच येत होतं.

वरच्या काचेखालचं पाणी

घड्याळ दिव्याखाली तिरकं धरल्यावर खालच्या कडेला धुरकट पट्टा दिसला. आमच्यातली एक लगेच म्हणाली, "झालं, गेलं पाणी आत." दुकानदारानेही हेच पाहिलं असावं. पण नखाने कड चाचपली तर काचेवर आणखी एक काच होती, ओरखडे पडू नयेत म्हणून चिकटवलेली. आपण फोनला लावतो तीच, टेंपर्ड म्हणतो ती.

घड्याळाची काच कडेला बऱ्याचदा थोडी वळलेली असते आणि ही वरची काच सपाट. त्यामुळे कडेला केसाएवढी फट राहते. दोन काचांमधल्या अशा फटीत पाणी आपोआप ओढलं जातं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. एकदा शिरलं की ते सहज वाळत नाही, कारण हवा लागत नाही. घाम शिरला तर पाणी वाळलं तरी मीठ मागे राहतं, ते हवेतला ओलावा ओढतं आणि पट्टा पुन्हा ओला. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र पाणी घड्याळातच गेलं असं वाटतं.

दोहोंतला फरक ओळखायची खूण अशी. दोन काचांमधलं पाणी कडेपासून सुरू होतं, त्याला वेड्यावाकड्या नकाशासारखी स्पष्ट रेघ असते आणि नखाने वरून दाबलं की ती रेघ हलते. खरोखर आत गेलेलं पाणी काचेच्या आतल्या बाजूला वाफेसारखं दिसतं, भातावरच्या झाकणाला धरते तशी बारीक वाफ. दाबल्याने ती हलत नाही. घड्याळ हातात घालून गरम झालं किंवा गारठ्यात नेलं की कमीजास्त होते.

आम्ही एका कोपऱ्यातून नख घालून वरची काच सोलून काढली, खालची काच सुती कापडाने पुसली, घड्याळ बंद करून चालू केलं. मग एक चाचणी केली, ती तुम्हीही करा. पडद्यावरून बोट सावकाश फिरवायचं, वरपासून खालपर्यंत पट्ट्या-पट्ट्यांनी, अंगण सारवताना हात फिरतो तसं. कुठेही अडलं नाही तर जाळी शाबूत आहे. तिच्या घड्याळात बोट कुठेच अडलं नाही. बत्तीसशे रुपये वाचले. तिने पुन्हा वरची काच लावली नाही.

पण दुसऱ्या घड्याळात वाफ होती

ही हकीकत आम्ही रेडिओवर सांगितल्यावर दोन दिवसांनी एक वहिनी घड्याळ घेऊन आल्या. त्या मेस चालवतात, रोज पन्नासेक माणसांचा स्वयंपाक असतो. घड्याळ मुलाने दिलेलं, खोक्यावर आयपी ६८ लिहिलेलं. मुलगा म्हणाला होता, पाण्याने काही होत नाही, म्हणून त्या ते घालूनच भात उपसायच्या, घालूनच गरम पाण्याने आणि साबणाने भांडी घासायच्या. काचेच्या आत वाफ धरली होती. वर चिकटवलेली काच नव्हती, वॉटर लॉकही नव्हतं.

आयपी ६८ हा आकडा समजून घेऊ. त्यातला ६ म्हणजे धूळ आत जात नाही. ८ म्हणजे कंपनीने सांगितलेल्या खोलीला, सांगितलेला वेळ पाण्यात ठेवून पाहिलं, आत गेलं नाही. पण ही तपासणी होते ती नव्या घड्याळाची, साध्या, स्थिर पाण्यात. साबणाचं पाणी, उकळत्या भाताची वाफ, गरम पाणी यांची हमी त्यात नसते. घड्याळाच्या सांध्यांत रबराच्या बारीक कड्या आणि डिंकासारखा थर असतो. साबणाने आणि उष्णतेने ते हळूहळू कडक होतात, सुटतात. कुकरची रिंग जुनी झाली की शिट्टी नीट होत नाही, त्यातलाच हा प्रकार. आणि पाण्याचा थेंब जिथून जात नाही तिथून वाफ जाऊ शकते. आत गेलेली वाफ गार काचेला लागली की तिचं पाणी होतं.

वहिनींना आम्ही जे करायला सांगितलं ते असं. आधी घड्याळ बंद केलं, कारण ओल्या जागेत वीज खेळत राहिली की तांब्याच्या बारीक तारा लवकर गंजतात. चार्जरला लावायचं नाही, हे तर निक्षून सांगितलं. मग पट्टा काढून घड्याळ बाहेरून पुसलं. नव्या पर्स, चपलांच्या खोक्यांत खड्यांच्या छोट्या पुड्या येतात, 'खाऊ नये' असं लिहिलेल्या. ते खडे म्हणजे सिलिका जेल, ते ओलावा ओढून घेतात. घरोघरी शोधून अशा दहा-बारा पुड्या जमल्या. घट्ट झाकणाच्या लहान बरणीत पुड्या आणि घड्याळ ठेवून दोन दिवस बरणी उघडली नाही. ती लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी फळीवर ठेवली.

तांदळाच्या डब्यात घड्याळ पुरायचा सल्ला सगळीकडे मिळतो, तो आम्ही देत नाही. तांदूळ ओलावा फार सावकाश ओढतात, उलट त्यांची पिठूळ धूळ स्पीकरच्या भोकात बसते. उन्हात ठेवणं, केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा मारणं, तव्याजवळ ठेवणं हेही नको. त्याने उरलासुरला डिंक सुटतो आणि बॅटरीला धोका होतो. भोकात पिन तर मुळीच घालू नका, आत पातळ पडदा असतो, तो फाटला की पाण्याला वाटच मोकळी.

दोन दिवसांनी वाफ गेली, पडदा चालू लागला. वहिनी खूश झाल्या. आम्ही मात्र त्यांना सांगून ठेवलं, वाफ दिसत नाही म्हणजे सगळं ठीक झालं असं नाही. पाणी उडून जातं, पण त्यातलं मीठ आणि साबण आतच राहतात. पडद्याची जाळी आतल्या पट्टीला एका बारीक जोडणीने जोडलेली असते. तिथे गंज धरला की जाळीच्या काही रेघा मुक्या होतात.

तसंच झालं. दहाएक दिवसांनी पडद्याच्या डाव्या बाजूला उभा पट्टा चालेना. चित्र स्वच्छ दिसत होतं, पण त्या पट्ट्यात बोट लागत नव्हतं, आणि अधूनमधून कुणी हात न लावता पान उलटत होतं. आता हा ओलावा नव्हता, डिजिटायझरचाच बिघाड होता. ओळखायची खूण हीच: काच कोरडी, वॉटर लॉक काढलेलं, वरची काच काढलेली, घड्याळ बंद-चालू करून झालेलं, आणि तरी रोज त्याच ठिकाणी, त्याच पट्ट्यात बोट अडतं. ओलाव्याचा त्रास जागा बदलतो, जोडणीचा त्रास जागा धरून बसतो.

यात एक अपवाद आहे. घड्याळ फक्त चार्जरवर असतानाच वेडं वागत असेल तर दोष बहुधा चार्जरचा असतो. स्वस्त चार्जरची वीज स्थिर नसेल तर चिप गोंधळते. तेव्हा चार्जर काढून पाहायचं आणि मगच काय ते ठरवायचं.

दुरुस्ती करायची का?

मघाशी म्हटलं की चित्राचा पडदा आणि स्पर्शाची जाळी वेगळी. पण आजच्या बहुतेक घड्याळांत काच, जाळी आणि पडदा हे तिन्ही एकमेकांना चिकटवून एकच भाग केलेला असतो. जाळी गेली तर तिन्ही बदलावे लागतात, म्हणून खर्च एवढा येतो. वहिनींच्या घड्याळाला दुरुस्तीचे तीन हजार सांगितले, नवं तेवढ्यातच येत होतं. आणि एकदा उघडलेलं घड्याळ पुन्हा पहिल्यासारखं पाणी अडवेल याची खात्री नसते. दुरुस्ती करायचीच असेल तर दुकानदाराला दोन गोष्टी आधी विचारा: बंद करताना डिंकाची पट्टी नवी घालणार का, आणि दुरुस्तीनंतर किती दिवसांची हमी देणार. वॉरंटी असेल तर आधी तिचा कागद वाचा, पाण्याने झालेलं नुकसान बऱ्याचदा तीत धरत नाहीत. बाहेरच्या दुकानात घड्याळ उघडलं तर उरलेली वॉरंटीही जाऊ शकते.

वहिनींनी दुरुस्ती केली नाही. वेळ आणि पावलं दिसतात तेवढ्यावर त्या घड्याळ वापरतात, पण मेसमध्ये जाताना ते खुंटीला अडकवून जातात.

एका बाबतीत मात्र वाट पाहू नका. घड्याळाची काच एका बाजूने उचललेली दिसली, किंवा पाठ फुगलेली लागली, तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. तिला दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, चार्ज करू नका. हातातून काढा, कपड्यालत्त्यापासून दूर ठेवा आणि दुकानात दाखवा.

राहता राहिला आमच्या मैत्रिणीचा टपरीखालचा फोन. तिने आता दोन गोष्टी केल्यात. घड्याळाच्या सेटिंगमध्ये शोधल्यावर तिला बाजूच्या बटणाने फोन उचलायची सोय सापडली, ती तिने चालू केली. सगळ्या घड्याळांत ती नसते, तुमच्यात आहे का ते आज कोरड्या हाताने शोधून ठेवा. आणि पावसात निघताना ती फोन डिकीत टाकत नाही, रेनकोटच्या आतल्या खिशात ठेवते. सासूबाईंची जेलुसिलची बाटलीही आता फडताळात समोरच असते.